अहवालात थायरॉइड वाढलेले, शरीरात मात्र नाही : बायोटिनच्या गोळ्या आणि रक्तचाचणीतील फसगत

नवी दिल्ली : केस गळू लागले म्हणून एखादी व्यक्ती औषधांच्या दुकानातून बायोटिनच्या गोळ्या आणते. काही आठवड्यांनी थायरॉइडची रक्तचाचणी होते आणि अहवालात थायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करीत असल्याचे आकडे येतात. व्यक्तीची नाडी शांत असते, वजन घटलेले नसते, हात थरथरत नसतात. तरीही आकडे इतके ठाम दिसतात की उपचार सुरू करण्याचा मोह व्हावा. प्रत्यक्षात बिघाड ग्रंथीत नसून चाचणीच्या रसायनात झालेला असू शकतो. हा बिघाड कसा घडतो आणि तो कसा ओळखावा, हे समजण्यासाठी आधी थायरॉइडचा अहवाल कसा वाचला जातो ते पाहणे आवश्यक आहे.

दोन आकड्यांचे उलटे नाते

मानेच्या पुढील भागात असलेली थायरॉइड ग्रंथी मुख्यत्वे थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. त्याच्या रेणूत आयोडिनचे ४ अणू असतात, म्हणून त्याला टी४ म्हणतात. शरीरातील पेशी त्यातील एक अणू काढून टी३ हे अधिक प्रभावी संप्रेरक बनवतात. ग्रंथीने किती काम करायचे हे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ठरवते. त्यासाठी ती जे संप्रेरक रक्तात सोडते त्याला टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, असे म्हणतात.

रक्तात टी४ कमी पडले की पीयूषिका टीएसएच वाढवते. टी४ जास्त झाले की ती टीएसएच आवरते. हे नाते उलटे असले तरी सम प्रमाणातले नाही. टी४ मधील लहानशा बदलाला पीयूषिका फार मोठा प्रतिसाद देते. टी४ निम्म्यावर आले तर टीएसएच अनेक पटींनी, कधी शंभर पटींच्या आसपासही वाढू शकते. त्यामुळे ग्रंथीचा बिघाड सुरू होताना टी४ अजून सामान्य मर्यादेत असते, पण टीएसएच मर्यादा ओलांडून गेलेले असते. बहुतेक वेळा पहिली चाचणी म्हणून टीएसएचच का सांगितले जाते, याचे कारण हेच आहे.

रक्तातील जवळजवळ सर्व टी४ प्रथिनांना चिकटून फिरते. पेशींना उपलब्ध असलेले मोकळे टी४ एकूण साठ्याच्या जेमतेम ०.०३ टक्के असते. हाच भाग ‘फ्री टी४’ या नावाने मोजला जातो. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या घेताना वाहक प्रथिने वाढतात. तेव्हा एकूण टी४ चा आकडा वाढलेला दिसतो, पण मोकळे टी४ बदललेले नसते. म्हणून एकूण टी४ पेक्षा फ्री टी४ अधिक उपयोगी ठरते.

गरोदर नसलेल्या प्रौढ व्यक्तीत टीएसएच साधारण ०.४ ते ४ मिली आंतरराष्ट्रीय एकक प्रति लिटर असते. फ्री टी४ साधारण ०.८ ते १.८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असते. या मर्यादा प्रयोगशाळेच्या किटनुसार थोड्या बदलतात. त्यामुळे आपला आकडा त्याच अहवालावर छापलेल्या संदर्भ मर्यादेशी ताडून पाहावा लागतो.

अहवालातील नेहमीचे नमुने

हे दोन आकडे शेजारी ठेवले की काही ठरावीक नमुने दिसतात. टीएसएच वाढलेले आणि फ्री टी४ घटलेले असेल तर ग्रंथी अशक्त झाली आहे आणि पीयूषिका तिला जोराने हाक देत आहे, असा अर्थ होतो. हा हायपोथायरॉइडिझमचा उघड प्रकार होय. टीएसएच वाढलेले पण फ्री टी४ सामान्य असेल तर बिघाड प्रारंभिक अवस्थेत असतो. तेव्हा बहुधा काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करून पाहिली जाते.

याच्या उलट, टीएसएच दबलेले आणि फ्री टी४ वाढलेले असेल तर ग्रंथी अतिरिक्त संप्रेरक सोडत आहे. हा हायपरथायरॉइडिझम होय. त्याचे एक प्रमुख कारण ग्रेव्हज हा आजार असतो. त्यात शरीर स्वतःच अशी प्रतिपिंडे तयार करते जी टीएसएचप्रमाणे ग्रंथीला सतत चालना देत राहतात. टीएसएच दबलेले पण फ्री टी४ सामान्य असेल तर टी३ मोजून पाहावे लागते, कारण काही वेळा केवळ टी३ वाढलेले असते.

उरलेले दोन नमुने क्वचित दिसतात आणि ते डॉक्टरला थांबवून विचार करायला लावतात. फ्री टी४ घटलेले असूनही टीएसएच वाढलेले नसेल तर दोष पीयूषिकेत असू शकतो, किंवा रुग्ण दुसऱ्या एखाद्या गंभीर आजाराने अंथरुणाला खिळलेला असू शकतो. फ्री टी४ वाढलेले असूनही टीएसएच दबलेले नसेल तर पीयूषिकेतील दुर्मीळ गाठ, संप्रेरकाला शरीराने प्रतिसाद न देणे, गोळ्या अनियमित घेणे किंवा चाचणीतील अडथळा यांचा विचार करावा लागतो.

चाचणीतील अडथळा बहुतेक वेळा अशा विसंगत नमुन्यातून उघड होतो. आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि शंका येते. बायोटिनचा अडथळा मात्र वेगळा आहे. तो टीएसएच खाली ओढतो आणि त्याच वेळी फ्री टी४ वर ढकलतो. दोन्ही चुका अशा दिशांना होतात की त्यांतून हायपरथायरॉइडिझमचे निर्दोष, पाठ्यपुस्तकात शोभावे असे चित्र तयार होते. अहवालाच्या आतून शंका येण्याची सोयच राहत नाही. फसगत घडते ती याच कारणाने.

यंत्राच्या आत काय घडते

टीएसएच रक्तात अत्यल्प प्रमाणात असते. ते मोजण्यासाठी इम्युनोअॅसे, म्हणजे प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी, वापरली जाते. ठरावीक रेणूलाच अचूक पकडणारी प्रतिपिंडे रक्ताच्या नमुन्यात मिसळली जातात. त्यांतील एका प्रतिपिंडाला प्रकाश देणारी खूण जोडलेली असते. शेवटी किती प्रकाश मिळाला यावरून संप्रेरकाचे प्रमाण काढले जाते.

प्रकाश मोजण्यापूर्वी एक महत्त्वाचे काम उरते. संप्रेरकाशी जोडली गेलेली खूण तेवढी राखून उरलेले सर्व द्रव्य धुऊन काढावे लागते. त्यासाठी अनेक उत्पादक बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन या जोडीचा उपयोग करतात. स्ट्रेप्टाव्हिडिन हे एका जीवाणूपासून मिळणारे प्रथिन असून त्याच्या प्रत्येक रेणूत बायोटिन पकडण्याच्या ४ जागा असतात. ही पकड निसर्गातील सर्वांत घट्ट पकडींपैकी एक मानली जाते. यंत्रात चुंबकीय सूक्ष्म कणांवर स्ट्रेप्टाव्हिडिनचा लेप दिलेला असतो आणि चाचणीतील प्रतिपिंडाला बायोटिन जोडलेले असते. दोन्ही एकत्र येताच प्रतिपिंड आपल्यासोबतच्या संप्रेरकासह कणांना चिकटते. चुंबक ते कण धरून ठेवतो आणि बाकीचे धुऊन जाते.

टीएसएचसाठी सँडविच पद्धत वापरतात. टीएसएचचा रेणू मोठा असल्यामुळे त्याला दोन प्रतिपिंडे दोन बाजूंनी धरू शकतात. एका प्रतिपिंडाला बायोटिन असते, दुसऱ्याला प्रकाशाची खूण. टीएसएच जितके जास्त, तितकी अशी सँडविचे जास्त आणि तितका प्रकाश जास्त.

टी४ चा रेणू लहान आहे. त्याला दोन बाजूंनी धरता येत नाही, म्हणून तेथे स्पर्धेची पद्धत वापरली जाते. नमुन्यातील टी४ आणि किटमधील टी४ एकाच प्रतिपिंडावरील मर्यादित जागांसाठी झगडतात. रुग्णाच्या रक्तातील टी४ ने जितक्या जागा घेतल्या, तितकी खूण असलेली जोडी कमी बनते. म्हणजे येथे हिशेब उलटा असतो. प्रकाश कमी मिळाला तर यंत्र टी४ जास्त असल्याचा निष्कर्ष काढते.

बायोटिन कुठे शिरते

रुग्णाच्या रक्तात गोळ्यांमधून आलेले बायोटिन मोठ्या प्रमाणात असेल तर ते यंत्रातील स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जागा आधीच अडवून बसते. किटमधील बायोटिन जोडलेल्या प्रतिपिंडांना मग कणांवर जागा मिळत नाही. ती प्रतिपिंडे आपल्या खुणेसह धुण्याच्या टप्प्यात वाहून जातात. दोन्ही पद्धतींत परिणाम एकच होतो, तो म्हणजे प्रकाश घटतो.

घटलेल्या प्रकाशाचा अर्थ मात्र दोन्ही ठिकाणी वेगळा लावला जातो. सँडविच पद्धतीत कमी प्रकाश म्हणजे कमी टीएसएच. स्पर्धेच्या पद्धतीत कमी प्रकाश म्हणजे जास्त टी४ आणि जास्त टी३. यंत्राने गणित बरोबर केलेले असते, पण ज्या प्रकाशावर ते आधारलेले असते तोच चुकीचा असतो.

ग्रेव्हज आजाराची खात्री करून घेण्यासाठी टीएसएचच्या ग्राहींविरुद्धची प्रतिपिंडे मोजली जातात. या चाचणीचे काही प्रचलित प्रकार स्पर्धेच्या पद्धतीचे असून त्यांतही हीच जोडी वापरलेली असते. त्यामुळे पडताळणीसाठी केलेली चाचणीही खोटी सकारात्मक येऊ शकते. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात अशा ६ मुलांची नोंद प्रसिद्ध झाली. चयापचयाच्या जन्मजात आजारांसाठी त्यांना बायोटिन मोठ्या मात्रेत दिले जात होते आणि त्यांच्या रक्तचाचण्या ग्रेव्हज आजारासारख्या दिसत होत्या. बायोटिन थांबवल्यावर आकडे पूर्ववत झाले.

निरोगी माणसांतही हे दिसून आले आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ६ निरोगी प्रौढांना ७ दिवस रोज १० मिलिग्रॅम बायोटिन दिले. त्यांचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका यंत्रप्रणालीवर त्यांचे टीएसएच सरासरी ९४ टक्क्यांनी घटलेले दिसले, दुसऱ्या एका प्रणालीवर ही घट ३७ टक्के होती आणि बायोटिनवर न आधारलेल्या चाचण्यांत असा अडथळा आढळला नाही. रक्तातील बायोटिन तेच असूनही अहवाल कोणत्या यंत्रावर निघतो यावर चुकीचा आकार ठरतो, ही बाब यातून स्पष्ट होते.

एका अहवालाचा उलगडा

पुढील उदाहरण प्रातिनिधिक आहे. प्रत्यक्षातील कोणा एका रुग्णाची ती हकीकत नाही, मात्र त्यातील आकडे अशा अडथळ्यात दिसतात तसे घेतलेले आहेत.

इंदूरमध्ये राहणारी ३४ वर्षांची एक शिक्षिका थकवा आणि केसगळती या तक्रारी घेऊन डॉक्टरांकडे जाते. सकाळी ९ वाजता रक्त दिले जाते. अहवालात टीएसएच ०.११, फ्री टी४ २.६ आणि फ्री टी३ संदर्भ मर्यादेच्या वर येते. ग्राहींविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणीही सकारात्मक असते. कागदावर हा ग्रेव्हज आजार आहे आणि कार्बिमाझोलसारखे थायरॉइडला आवर घालणारे औषध लिहून देण्यास पुरेसे कारण दिसते.

डॉक्टर रुग्णाकडे पाहतात तेव्हा चित्र जुळत नाही. नाडी मिनिटाला ७२ आहे. वजन गेल्या वर्षभरात बदललेले नाही. उकाडा सहन न होणे, धडधड, झोप उडणे यांपैकी काही नाही. हातांना कंप नाही, डोळे बाहेर आलेले नाहीत, मानेला गाठ किंवा सूज लागत नाही. फ्री टी४ इतके वाढलेले असताना शरीराने त्याची एकही खूण दाखवू नये, हे अशक्य नसले तरी संशयास्पद आहे.

कोणती औषधे चालू आहेत, या प्रश्नाला रुग्ण ‘काहीच नाही’ असे उत्तर देते. प्रश्न बदलून, केसांसाठी किंवा नखांसाठी काही घेता का, असे विचारल्यावर गोळ्यांची बाटली पर्समधून बाहेर येते. लेबलवर १०,००० मायक्रोग्रॅम असे छापलेले असते, म्हणजे एका गोळीत १० मिलिग्रॅम बायोटिन. केस अधिक गळू लागल्यामुळे ती रोज सकाळी ७ वाजता दोन गोळ्या घेत होती. रक्त दिले त्या सकाळीही तिने त्या घेतल्या होत्या.

डॉक्टर औषध सुरू करीत नाहीत. बायोटिन बंद ठेवून तिसऱ्या दिवशी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा रक्त देण्यास सांगतात. या वेळी टीएसएच १.९ आणि फ्री टी४ १.२ येते. प्रतिपिंडांची चाचणी नकारात्मक येते. थायरॉइडला काहीही झालेले नव्हते. थकव्याचे आणि केसगळतीचे कारण आता लोह, हिमोग्लोबिन अशा अन्य दिशांनी शोधता येते.

या उलगड्यातील सर्वांत बोलका पुरावा म्हणजे आकडे सुधारण्याचा वेग. खऱ्या हायपरथायरॉइडिझममध्ये दीर्घकाळ दबलेली पीयूषिका लवकर जागी होत नाही. उपचाराने टी४ सामान्य झाल्यावरही टीएसएच कित्येक आठवडे, कधी काही महिने दबलेलेच राहते. टी४ चे रक्तातील अर्धायुष्यही सुमारे ७ दिवसांचे असते. त्यामुळे अवघ्या तीन दिवसांत टीएसएच ०.११ वरून १.९ वर आणि फ्री टी४ २.६ वरून १.२ वर येणे शरीरक्रियेच्या दृष्टीने शक्य नाही. इतक्या वेगाने जे बदलते ती ग्रंथी नसून रक्तातील बायोटिन असते.

औषध सुरू झाले असते तर नुकसान गोळ्यांच्या खर्चापुरते मर्यादित राहिले नसते. निरोगी ग्रंथीला आवर घातल्याने खराखुरा हायपोथायरॉइडिझम निर्माण झाला असता. बायोटिन चालूच राहिले असते तर पुढच्या अहवालातही टीएसएच खाली दिसून औषधाची मात्रा वाढवली गेली असती. कार्बिमाझोलमुळे क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटतात. हा धोका खऱ्या रुग्णासाठी पत्करण्यासारखा असतो, निरोगी व्यक्तीसाठी मुळीच नाही.

सामान्य दिसणारा अहवालही फसवू शकतो

निरोगी व्यक्ती आजारी दिसते ही चूक निदान लक्षात येण्याची शक्यता तरी असते, कारण असामान्य आकड्याकडे कोणीतरी पाहते. याच्या उलट चूक अधिक गुपचूप घडते. एखाद्या व्यक्तीची ग्रंथी खरोखर अशक्त झाली असून तिचे टीएसएच ९ आणि फ्री टी४ ०.७ आहे असे समजू. बायोटिनमुळे टीएसएच ३ आणि फ्री टी४ १.१ असे नोंदले गेले, तर अहवाल पूर्णपणे सामान्य दिसेल. ‘थायरॉइड ठीक आहे’ असे सांगून तिला परत पाठवले जाईल. केसगळती हे हायपोथायरॉइडिझमचेही लक्षण असल्यामुळे बायोटिन घेणाऱ्यांमध्ये असे रुग्ण असण्याची शक्यता दुर्लक्षिण्यासारखी नाही.

आधीपासून लिव्होथायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. त्यांची मात्रा टीएसएचवरून ठरते. बायोटिनमुळे टीएसएच खाली दिसले तर मात्रा जास्त होत असल्याचा समज होऊन ती घटवली जाते आणि रुग्ण पुन्हा थकव्याकडे सरकतो. अशा रुग्णात एका अहवालापासून दुसऱ्या अहवालापर्यंत टीएसएच कारणाशिवाय वरखाली होत असेल, तर गोळ्या चुकतात का या प्रश्नाइतकाच बायोटिनचा प्रश्नही विचारणे योग्य ठरते.

किती मात्रा, किती वेळ

बायोटिन हे बी गटातील जीवनसत्त्व असून त्याला बी७ असेही म्हणतात. अमेरिकी पोषण निकषांनुसार प्रौढांना दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरेसे मानले जाते आणि तेवढे रोजच्या आहारातून मिळते. अन्नातील बायोटिनमुळे किंवा अशाच अल्प प्रमाणात बायोटिन असलेल्या साध्या मल्टिव्हिटॅमिन गोळीमुळे चाचणीत अडथळा येण्याची भीती नसते. केस, त्वचा आणि नखांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत मात्र ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन आढळते. १० मिलिग्रॅम म्हणजे पुरेशा मानलेल्या मात्रेच्या ३०० पटींहून अधिक. लेबलवर ते मायक्रोग्रॅममध्ये छापलेले असल्यास दोन परिमाणांत हजारपटीचा फरक आहे हे लक्षात ठेवावे लागते.

१० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर साधारण तासाभरात रक्तातील बायोटिन उच्चांक गाठते. तो साधारण ५० ते १४० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या दरम्यान असतो. जुन्या पिढीतील काही किट २५ नॅनोग्रॅमच्या पुढेच चुकू लागत. सकाळी गोळी घेऊन लगेच रक्त देण्याची सवय यामुळे सर्वांत घातक ठरते. त्यानंतर मूत्रपिंडे बायोटिन बाहेर टाकू लागतात आणि त्याचे प्रमाण काही तासांत उतरते.

अमेरिकन थायरॉइड असोसिएशन थायरॉइडच्या चाचणीपूर्वी निदान २ दिवस बायोटिन बंद ठेवण्याचा सल्ला देते. केसांसाठीच्या नेहमीच्या गोळ्यांना हा अवधी बहुधा पुरतो. काही चेतासंस्थेच्या आजारांत बायोटिन दिवसाला १०० ते ३०० मिलिग्रॅम इतके दिले गेले आहे. अशा मात्रेनंतर अधिक दिवस थांबावे लागते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत बायोटिन साचून राहत असल्यामुळे त्यांच्यासाठीही हा अवधी वाढतो. चयापचयाच्या जन्मजात आजारासाठी डॉक्टरांनी दिलेले बायोटिन मात्र स्वतःहून बंद करणे धोक्याचे असते. त्या परिस्थितीत गोळी थांबवण्याऐवजी चाचणीची पद्धत बदलणे योग्य होय.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २८ नोव्हेंबर २०१७ रोजी या अडथळ्याविषयी सुरक्षेचा इशारा दिला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तो अद्ययावत केला. हृदयविकाराच्या निदानासाठी मोजल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनच्या चाचणीलाही हाच धोका असतो. बायोटिन मोठ्या मात्रेत घेणाऱ्या एका रुग्णाचे ट्रोपोनिन खोटे कमी आले आणि त्याचा मृत्यू झाल्याची नोंद या प्रशासनाकडे झाली होती. त्यानंतर अनेक उत्पादकांनी आपली किट नव्याने तयार केली असून त्यांची सहनशक्ती बरीच वाढली आहे. तथापि सर्व किट एकाच वेळी बदललेली नाहीत आणि रुग्णाला अहवालावरून किटची पिढी कळत नाही.

प्रयोगशाळा खात्री कशी करते

शंका आल्यावर पडताळणीचे तीन मार्ग प्रचलित आहेत. सर्वांत सोपा आणि स्वस्त मार्ग म्हणजे बायोटिन बंद ठेवून पुन्हा रक्त घेणे. दुसऱ्या मार्गात तोच नमुना बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिनची जोडी न वापरणाऱ्या यंत्रावर तपासला जातो. दोन यंत्रांवरील आकड्यांत मोठी तफावत आली तर अडथळा असल्याचे सिद्ध होते. रुग्णाला पुन्हा बोलावणे शक्य नसेल तेव्हा हा मार्ग उपयोगी पडतो. तिसऱ्या मार्गात नमुन्यात स्ट्रेप्टाव्हिडिनचा लेप असलेले कण आधी मिसळून त्यातील जादा बायोटिन शोषून काढले जाते आणि नंतर मोजणी केली जाते. हे तंत्र सहसा मोठ्या प्रयोगशाळांपुरते मर्यादित असते.

ग्रेव्हज आजाराचा निर्णय घेण्यापूर्वी किरणोत्सारी पदार्थाच्या साह्याने ग्रंथीचे स्कॅन केले गेले तर तेही सत्य सांगते. ग्रेव्हज आजारात संपूर्ण ग्रंथी तो पदार्थ अधिक शोषते, तर ग्रंथीच्या दाहात ती जवळजवळ शोषत नाही. बायोटिनच्या अडथळ्यात शोषण सामान्य आढळते, कारण स्कॅन प्रत्यक्ष ग्रंथीकडे पाहते आणि त्यात स्ट्रेप्टाव्हिडिनचा संबंध येत नाही.

या सर्वांत एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. बायोटिन घेत असल्याचे आढळले म्हणून अहवाल खोटाच आहे असे ठरत नाही. बायोटिन घेणाऱ्या व्यक्तीला खरा हायपरथायरॉइडिझमही होऊ शकतो. नाडी जलद असेल, वजन घटत असेल, छातीत धडधडत असेल तर फेरतपासणीचे दोन-तीन दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत.

रक्त देण्यापूर्वी

थायरॉइडच्या चाचणीला जाताना आपण घेत असलेल्या सर्व गोळ्या, पावडरी आणि चघळण्याच्या गमी यांची लेबले डॉक्टरांना व रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञाला दाखवावीत. त्यांवर बायोटिन, बी७ किंवा जीवनसत्त्व एच यांपैकी कोणतेही नाव असू शकते. डॉक्टरांनी आजारासाठी लिहून दिलेले नसेल तर ते चाचणीच्या दोन दिवस आधीपासून घेऊ नये.

लिव्होथायरॉक्सिनची गोळी मात्र बंद करायची नसते. चाचणीच्या दिवशी ती रक्त दिल्यानंतर घ्यावी, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी४ तात्पुरते चढलेले असते. तिची मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिरावण्यास ६ ते ८ आठवडे लागतात, म्हणून त्याआधी केलेल्या चाचणीवरून मात्रा पुन्हा बदलली जात नाही.

अहवाल हाती आल्यावर त्यातील आकडे आणि शरीराची अवस्था जुळत नसेल, तर पहिले औषध सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना बायोटिनविषयी सांगून चाचणी पुन्हा करून घेता येते. प्रातिनिधिक उदाहरणातील शिक्षिकेच्या बाबतीत त्यासाठी तीन दिवस आणि एक जादा रक्तचाचणी एवढेच लागले.